जीव लागतो की लावतो?

आमच्या आणि शेजारच्या काकूंच्या अंगणात कमरेएवढं मेंदीचं कुंपण आहे. दर पावसाळ्यानंतर ते नीट करायचं ठरतं आणि राहून जातं. त्यामुळे पाण्याच्या टाकीपाशी त्याला एक छानसं खिंडार पडलंय. कढीपत्ता, विरजण आणि कॉलनीतल्या सगळ्या बातम्यांची ये-जा तिथूनच चालते.

परवाची बातमी होती काकूंच्या भाच्याची. पुण्यात नोकरी, बत्तिसावं चालू, आणि नुकताच पाचवी मुलगी पाहून आलेला.

"दोनदा मागून पोहे खाल्ले गं त्याने. मुलगी इंजिनियर, बोलायला मोकळी, गच्चीवर तासभर गप्पा मारल्या दोघांनी. आणि घरी येऊन म्हणतो काय, मावशी, सगळं छान आहे, पण फीलिंग येत नाही!"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, फीलिंग म्हणजे काय लाइट आहे का रे, गेली, आली म्हणायला?"

मी भाच्याची बाजू घेतली. जन्म काढायचा म्हणजे आधी मनात काहीतरी हलायला नको का? काकूंनी पाइप आळूच्या वाफ्यात टाकला. काकूंनी पाइप खाली ठेवला की समजावं, मुद्दा गंभीर आहे. "आमच्या वेळी मी ह्यांचं तोंडसुद्धा धड पाहिलं नव्हतं. मान खाली, त्यामुळे दिसले ते पायमोजे. त्यातला एक फाटका. त्यावर काय हलणार होतं?"

व्हरांड्यातला पेपर खाली आला. काकूंचे यजमान, म्हणजे सर, तीस वर्षं कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेत. आपल्या मोज्यांचा विषय त्यांनी सोडून दिला आणि म्हणाले, "ह्यावर जयपूरला एक अभ्यास झालाय. १९८२ साली छापून आला. गुप्ता आणि सिंग म्हणून दोन संशोधक होते. ५० जोडपी घेतली, काही प्रेमविवाहाची, काही ठरवून लग्न झालेली. प्रत्येकाला एक प्रश्नावली दिली आणि प्रेमाला चक्क गुण दिले. प्रेमविवाहवाल्यांचे गुण सुरुवातीला जास्त आणि पुढे घसरत गेलेले. ठरवून केलेल्यांचे सुरुवातीला कमी, पण पाचेक वर्षांनंतर दुसऱ्यांच्या पुढे गेलेले."

"बघ!" काकू माझ्याकडे वळल्या. पण त्या बाई कशावरही सरळ विश्वास ठेवणाऱ्या नव्हेत, स्वतःच्या बाजूच्या पुराव्यावरही नाही. लगेच सरांकडे वळून म्हणाल्या, "म्हणजे त्याच जोडप्यांना पाच वर्षांनी परत जाऊन विचारलं?"

"नाही. एकाच वेळी विचारलं. कुणाच्या लग्नाला वर्ष झालेलं, कुणाच्या दहा."

"मग वाढलं कसं म्हणता? माणसं वेगळी ना! ह्या आळूची पानं लहान आणि त्या आळूची मोठी, म्हणून ह्याची पुढे तेवढीच होतील असं थोडंच आहे? आणि ५० जोडप्यांचे असे तुकडे पाडल्यावर एकेका ढिगात उरली किती?"

सरांनी कबूल केलं की फार नाही, आणि पुढे इतरांनी केलेल्या तुलनांत असा फरक दिसलाच असंही नाही. हा अभ्यास लेखांतून आणि भाषणांतून अजून फिरत असतो, ठरवून केलेल्या लग्नाचा विजय म्हणून. काकूंनी तो आळूच्या वाफ्यात दोन मिनिटांत निकालात काढला.

"तरी भाच्याचं एक बरोबर आहे," सर म्हणाले. "भावना हुकमाने येत नाही. कांटही तेच म्हणतो."

"आला तुमचा कांट. स्वतः जन्मभर लग्न केलं नाही आणि दुसऱ्यांना प्रेम शिकवतो."

कांटसमोरचा पेच मात्र आम्हाला अगदी लागू पडणारा होता, कारण तो शेजाऱ्याबद्दलचा आहे. बायबल सांगतं, शेजाऱ्यावर प्रेम कर, शत्रूवरसुद्धा कर. कांटने १७८५च्या पुस्तकात विचारलं, ही आज्ञा असेल कशी? प्रेम म्हणजे आतून येणारी ओढ असेल, तर 'ओढ वाटून घे' अशी आज्ञा देता येत नाही. 'तुला आत्ता भूक लागली पाहिजे' म्हणण्यासारखंच ते. म्हणून त्याने प्रेमाचे दोन प्रकार केले. एक आपल्याला होतं, त्याला आपला इलाज नाही. दुसरं कृतीतलं, म्हणजे समोरच्याचं भलं करणं, मन त्याच्याकडे ओढ घेत नसलं तरी. आज्ञा देता येते ती ह्या दुसऱ्याची. पुढे १७९७मध्ये त्याने आणखी एक बारीक गोष्ट सांगितली, आणि कांट एवढीच ओळ लिहून थांबला असता तरी मला आवडला असता. आधी प्रेम वाटू दे आणि मग भलं कर, असा त्या आज्ञेचा अर्थ नाही. भलं करत जा, त्यातून प्रेम तुझ्यात रुजेल.

"म्हणजे जीव लावायचा, मग तो लागतो," काकू म्हणाल्या आणि पुन्हा पाइप उचलला, जणू दोनशे वर्षांचा प्रश्न सुटला.

मला मात्र ते शब्द चिकटून बसले. मराठीने हा वाद क्रियापदांतच घालून ठेवलाय. जीव लागतो, आणि जीव लावतो. लळा लागतो, आणि लावतोही. लागण्यात आपण नुसते जागा असतो, काहीतरी येऊन आपल्याला लागतं, ठेच लागते तसं. लावण्यात कर्ता आपण, रोप लावावं तसं. प्रेमही 'करतात', पण ते 'जडतं'सुद्धा, आणि जडतं ह्या क्रियापदाचं दुसरं गिऱ्हाईक म्हणजे रोग. सरांच्या तत्त्वज्ञांचे दोन तट पडले, पण आपण बोलताना दोन्ही तटांवर पाय ठेवून असतो आणि तोलही जात नाही.

"सासूबाईंचं काय होतं मग?" मी विचारलं. विचारायला नको होतं बहुतेक. पण खिंडारात उभं राहिलं की जीभ सैल होते.

काकूंच्या सासूबाई खुब्याचं हाड मोडून सहा वर्षं अंथरुणावर होत्या. त्याआधीची वीस वर्षं दोघींमध्ये तुपाच्या डब्यावरून शीतयुद्ध. डबा फडताळात, फडताळाला कुलूप, आणि किल्ली सासूबाईंच्या कनवटीला.

काकू जरा वेळ पाणीच घालत राहिल्या. मग म्हणाल्या, "माया वगैरे काही नव्हती गं. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. रात्रीसुद्धा. पहिलं वर्षभर मी गजर लावून उठायचे आणि मनातल्या मनात शिव्या घालायचे. टाचेखाली उशी, खांद्याखाली हात घालून वळवायचं, दंडाला धरून ओढायचं नाही. सगळं शिकले. मग कधीतरी गजराच्या आधीच जाग यायला लागली. केव्हापासून, ते नाही सांगता यायचं."

"कांटच्या हिशेबात ते पहिलं वर्ष मोठं," सर हळूच म्हणाले.

"म्हणजे शिव्यांच्या वर्षाला मार्क जास्त?"

"नाही, तसं नाही. लोक तसं वाचतात. मन ओढ घेत नसताना माणूस करतो, तेव्हा कर्तव्य स्वच्छ दिसतं एवढंच तो म्हणतो. पुढे माया आली म्हणून मार्क कापत नाही."

काकूंना ते फारसं पटलं नाही. मलाही नाही. कारण खरी गोष्ट त्यानंतरची होती, आणि ती काकूंनी आपणहून सांगितली. तिसऱ्या वर्षी नणंद म्हणाली, महिनाभर मी नेते, तू जरा मोकळी हो. काकूंनी बॅग भरली, औषधांच्या पुड्यांवर वेळा लिहिल्या. रिक्षा दारात आली. आणि नणंदेने आईला उठवायला दंडाला हात घातला.

"मी म्हटलं, राहू दे. रिक्षावाल्याला पैसे देऊन परत पाठवलं. का ते मला आजही सांगता येत नाही. मोकळं व्हायची इच्छा तर होती. पण जमलंच नाही. पाठवू शकले नाही."

सर खुर्ची पुढे ओढून व्हरांड्याच्या पायरीशी आले. हॅरी फ्रँकफर्ट नावाचा अमेरिकन तत्त्वज्ञ होता, २०२३मध्ये वारला. २००४च्या 'द रीझन्स ऑफ लव्ह' ह्या पुस्तकात त्याने नेमका असाच क्षण पकडलाय. त्याचं म्हणणं, प्रेम ही मुळात भावना नव्हे, आणि निवडही नव्हे. ते इच्छाशक्तीला पडलेलं वळण आहे. पण हे वळण आपण हुकमाने पाडू शकत नाही की पुसू शकत नाही. प्रेम करणाऱ्याला काही गोष्टी करवतच नाहीत. बाहेरून कुणी अडवलेलं नसतं, स्वतःची इच्छाच आडवी येते. आणि माणूस लायक आहे म्हणून आपण प्रेम करतो असंही नाही. प्रेम करतो म्हणून तो आपल्याला मोलाचा होतो. फ्रँकफर्ट उदाहरण देतो ते स्वतःच्या मुलांचं.

"जमलंच नाही, हे त्याचंच वाक्य तू बोललीस," सर बायकोला म्हणाले. चाळीस वर्षांत त्यांनी तिला एवढं मोठं सर्टिफिकेट दिलं असेल असं वाटत नाही.

बाईंनी ते घेतलं नाही. "सवय असेल ती. नाहीतर लोक काय म्हणतील ही भीती. नाहीतर माझाच तोरा, की मलाच जमतं. तुमचा तो फ्रँकफर्ट ओळखतो कसं?"

प्रश्न वाजवी होता. बांधलेली गायसुद्धा गोठा सोडून जात नाही. सरांनी सांगितलं की फ्रँकफर्ट दोन गोष्टी बघायला सांगतो. एक, काळजी त्या माणसासाठीच आहे का, की त्यातून आपल्याला काही मिळतंय. दुसरी, त्या माणसाच्या जागी तसंच दुसरं कुणी चालेल का.

दुसऱ्याचं उत्तर काकूंकडे तयार होतं. सासूबाई गेल्यावर वर्षभरात ह्यांच्या आत्याबाई पडल्या. घरातले म्हणाले, तुझा हात बसलाय, तूच ठेव. "मी नाही म्हटलं. बाई ठेवा, पैसे मी देते, पण माझ्याने होणार नाही." सवयच असती तर हात चालला असता. तोराच असता तर आयती संधी होती.

"आणि पहिली गोष्ट?" मी विचारलं.

काकूंनी नळ बंद केला. "सगळं त्यांच्यासाठीच होतं असं नाही म्हणणार. थोडं त्यांच्यासाठी, थोडं नणंदेला दाखवायला. रिक्षा परत गेली तेव्हा नणंदेचं तोंड बघून बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू?"

सर काही बोलले नाहीत. फ्रँकफर्टचं शुद्ध उदाहरण म्हणजे आईबापांची तान्ह्या मुलावरची माया. स्त्री-पुरुषांच्या प्रेमात इतकी इतर सरमिसळ असते की ते उदाहरण म्हणून घेऊच नका, असं तो स्वतःच बजावतो, हे सरांनी मला नंतर सांगितलं. तुपाच्या डब्याची सरमिसळ त्याच्या लक्षात आली नसावी.

"म्हणजे लग्नाला त्याचा काही उपयोग नाही," काकूंनी निष्कर्ष काढला. "भाच्याला सांगायचं काय मग?"

"फीलिंग हुकमाने येत नाही, हे त्याचं खरं," मी म्हटलं. "पण एका तासात आलं नाही म्हणून येणारच नाही, हे कशावरून?"

"एका तासात मला फक्त मोजा दिसला होता." काकूंनी सरांच्या पायांकडे पाहिलं. सरांनी पाय खुर्चीखाली घेतले. "मी त्याला म्हणते, आणखी दोन-तीनदा भेट. पण पोहे नकोत. तिच्याबरोबर कुठेतरी रांगेत उभा राहा म्हणावं, बँकेत, दवाखान्यात, कुठेही. गच्चीवर सगळेच गोड बोलतात."

आत कुकरची तिसरी शिट्टी झाली. काकूंनी खिंडारातून कढीपत्त्याच्या दोन काड्या माझ्या हातात दिल्या आणि आत गेल्या. अर्ध्यावरून परत येऊन म्हणाल्या, "आणि नणंदेचं ते कुठे बोलू नकोस हं. पुढच्या आठवड्यात येतेय ती राहायला."