अळीची तिसरी पिढी

थालीपीठ भाजणीच्या पाकिटात अळी वळवळतानाचा व्हिडिओ रात्री पडला आणि सकाळपर्यंत मालकांच्या व्याह्यांपर्यंत पोहोचला. कारखान्यात तातडीची बैठक बसली. बैठक म्हणजे मालक, मालकीणबाई आणि इन्स्टाग्राम सांभाळणारा पुतण्या. चहा संपेस्तोवर आराखडा तयार! कमेंटा पुसायच्या, तक्रार करणाऱ्या बाईंना ब्लॉक करून वकिलाची नोटीस धाडायची आणि ‘या व्यवसायात आमची चौथी पिढी’ असं निवेदन झळकवायचं. पाकिटात अळ्यांचीही तिसरी पिढी नांदत असावी, पण तो मुद्दा चर्चेला आला नाही.

पाकीट कोणत्या बॅचचं, हेही कोणी विचारलं नाही. आता विचारणार कोणाला? बाई ब्लॉक.

भाजणीची धान्यं खरपूस भाजली की त्यातली किडीची अंडी मरतात. म्हणजे अळी शिरली ती नंतर. चक्कीत अडकलेल्या जुन्या पिठातून, नीट न चिकटलेल्या सीलमधून, नाहीतर दुकानातल्या शेजारच्या किडक्या पोत्यातून. त्याच बॅचची पाकिटं चार वेगवेगळ्या दुकानांतून आणून चाळावीत. सगळ्यांत जाळी निघाली तर संशय आपल्याच चक्कीवर, एकाच दुकानाच्या मालात निघाली तर साठवण तपासायची. बंद पाकीट पाण्याखाली दाबलं की गळक्या सीलमधून बुडबुडे येतात. एका दुपारचं काम. प्रत्येक बॅचचं एक पाकीट कारखान्यात राखून ठेवायचं असतं, तेही फोडायचं. इथलं राखीव पाकीट मालकीणबाईंनी पाहुणे आले तेव्हा संपवलं होतं. थालीपिठं छान झाली म्हणे.

‘दुकानदाराने नीट ठेवलं नसेल’ हे वाक्य पुतण्याने आधीच टाइप करून ठेवलंय. २००३ साली महाराष्ट्रात कॅडबरीच्या चॉकलेटांत किडे सापडले, तेव्हा कंपनीनेही दुकानांतल्या साठवणुकीकडे बोट दाखवलं होतं. अन्न व औषध प्रशासनाने विचारलं, मग वेष्टनाचं काय? अखेर कंपनीने वेष्टन बदललं आणि जाहिरातीला अमिताभ बच्चन आणले. मालकांच्या लक्षात यातले फक्त अमिताभ राहिले. पुतण्या सध्या गावातल्या ऑर्केस्ट्रावाल्याचा दर काढतोय.

खरं निवेदन चार ओळींचं असतं. अमुक बॅचमध्ये अळ्या आढळल्याची तक्रार आहे. त्या बॅचची विक्री थांबवून दुकानांतला माल परत घेतोय. घरात असेल तर वापरू नका, पैसे परत मिळतील. कारण शोधतोय, गुरुवारी संध्याकाळी सांगू. आणि गुरुवारी सांगायचं, कारण सापडलं नसेल तर तेही. ‘शंभर टक्के शुद्ध’ हे शब्द प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत कपाटात ठेवावेत. चौथ्या पिढीचा उल्लेख तर कुठेच नको.

वाचकहो, तुमच्या पाकिटात अळी निघाली तर व्हिडिओ जरूर काढा. फक्त पाकीट उलटून बॅच नंबर आणि पॅकिंगची तारीखही टिपा, आणि ते पाकीट फेकू नका.