काळा शर्ट

आमच्या घरात मला काळा शर्ट घालायचा असेल तर बायकोची मंजुरी लागते. ती पाठीमागे उभी राहते, खांद्यांवरून एकदा नजर फिरवते आणि "बदल" एवढंच म्हणते. अपिलाची सोय नाही.

माझा कोंडा साधा नव्हता, हे मी थोड्या अभिमानानेच सांगत असे. साधा कोंडा कोरडा, पांढरा, भुरभुरणारा. माझा तेलकट, पिवळसर, खपलीसारखा, आणि खाली लालसर कातडी. शिवाय तो डोक्यावर थांबला नाही. भुवयांत उतरला, नाकाच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत बसला, कानामागे गेला. मी हे सगळं पुण्याच्या धुळीच्या माथी मारत होतो. त्वचेच्या डॉक्टरबाईंनी मात्र भिंग लावून पाहिलं आणि याला सेबोरिक डर्मटायटिस म्हणतात, असं सांगितलं. एवढं भारदस्त नाव मिळाल्यावर मी निम्मा बरा झालो.

चिठ्ठी सोपी होती. कीटोकोनॅझोलचा दोन टक्क्यांचा शॅम्पू आठवड्यातून दोनदा, चार आठवडे. भुवया आणि नाकाजवळ त्याच औषधाचं साधं क्रीम, पातळ थर. "आणि नंतर शॅम्पू आठवड्यातून एकदा चालू ठेवायचा," असंही बाई म्हणाल्या. पण तोपर्यंत मी फीचे सुटे पैसे शोधत होतो.

शॅम्पू लावून पाच मिनिटं थांबायचं होतं. पाच मिनिटं म्हणजे काय, हे डिसेंबरात ओल्या डोक्याने बादलीसमोर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. डोळे मिटलेले, अंगावर काटा, बादलीतलं पाणी निवत चाललेलं, आणि बाहेरून मुलगी विचारते, "बाबा, झोपलास का?" मी मनातल्या मनात आकडे मोजायचो, पण थंडीत माणूस भराभर मोजतो. माझी पाच मिनिटं घड्याळाच्या पाऊण मिनिटात उरकायची. त्यातही फेस केसांवर चढायचा आणि टाळू कोरडी राहायची. या औषधाला फेसाशी काही देणंघेणं नसतं. कोंड्यामागे मॅलॅसेझिया नावाचं यीस्ट असतं, एक प्रकारची बुरशी. तिच्या पेशीच्या आवरणासाठी लागणारा अर्गोस्टेरॉल नावाचा घटक कीटोकोनॅझोल बनू देत नाही. त्यासाठी ते टाळूच्या कातडीवर थोडा वेळ टेकावं लागतं. मी ते टेकायच्या आत मोरीत सोडत होतो.

तरीही फरक पडला. खाज थांबली, भुवया माणसाच्या दिसू लागल्या, काळ्या शर्टाला मंजुरी मिळाली. मी बाटली कपाटात मागच्या रांगेत ठेवून दिली आणि विजय जाहीर केला. महिन्याभरात नाकाच्या खाचा पुन्हा लाल. त्यावर मी "औषध अंगवळणी पडलं" असं निदान केलं आणि उपाय म्हणून तोच शॅम्पू रोज लावू लागलो. रोज लावल्याने रोग दुप्पट वेगाने जातो, हे गणित मला शाळेतल्या काळ-काम-वेगाने शिकवलं होतं. केसांचा काथ्या झाला, टाळू ताणल्यासारखी झाली आणि आता कोरडी पापुद्री पडू लागली. म्हणजे मी माझ्या तेलकट कोंड्यात स्वकष्टाने कोरड्याची भर घातली.

हे पाहून आईचा जीव कळवळला. "डोक्यात तेल नाही, म्हणून हे सगळं," असं म्हणत तिने वाटीत तेल कोमट केलं. रात्रभर मुरलेल्या तेलाने खपल्या मऊ होऊन निघाल्या आणि सकाळी डोकं खरंच स्वच्छ दिसलं. आई जिंकली. गंमत अशी की मॅलॅसेझियाला स्वतःचा स्निग्धांश तयार करता येत नाही. ती आपल्या टाळूच्या तेलावर जगते आणि ते पचवताना जी आम्लं सोडते त्यांनी कातडी चिडते. प्रयोगशाळेत तिची एक जात वाढवायची असेल तर पोषकद्रव्यावर चक्क ऑलिव्ह तेलाचा थर देतात. मी रात्रभर तिची खानावळ चालवत होतो, तीही उशीवर टॉवेल अंथरून.

चेहऱ्याचं प्रकरण याहून वाईट. क्रीमची ट्यूब संपल्यावर मी चिठ्ठी न घेताच मेडिकलच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलाने माझ्या नाकाकडे पाहून दुसरीच ट्यूब पुढे केली. "यात कीटोकोनॅझोल आहेच, शिवाय अजून चार औषधं." एकाच्या भावात पाच! मी पुणेकर आहे, असा सौदा सोडणं रक्तात नाही. दोन दिवसांत लाली गायब. मी ती ट्यूब मित्रांनाही सुचवली. ती बंद केली की लाली आधीपेक्षा जास्त, म्हणून पुन्हा लावायची, असं चक्र सुरू झालं. पुढे उन्हात गेलं की गाल पेटायचे, नाकाजवळ बारीक लाल शिरा दिसू लागल्या आणि चाळिशी उलटल्यावर मला तारुण्यपीटिका आल्या. कार्यालयात एकाने विचारलं, "काय रे, सकाळीच?"

पुन्हा त्याच डॉक्टरबाई. त्यांनी ट्यूब उलटी करून बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. क्लोबेटासोल. स्टेरॉइडमधलं सगळ्यात जहाल. ते लाली दाबतं म्हणून दोन दिवसांत चमत्कार दिसतो, पण चेहऱ्याची कातडी पातळ करत जातं आणि थांबवलं की उसळतं. हे चिठ्ठीशिवाय विकायचंच नसतं, असं त्या म्हणाल्या. मी गप्प. सुचवलेल्या मित्रांना रात्री फोन करायचे होते. ती ट्यूब बंद झाली. लाली उतरायला बराच वेळ लागेल, मधे वाढल्यासारखीही वाटेल, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं. पुढे भुवयांना पुन्हा साधं कीटोकोनॅझोल.

"पण बाई, शॅम्पू बंद केला की कोंडा परत येतोच, मग उपयोग काय?"

बाईंनी तेव्हा मला 1995 सालची एक चाचणी सांगितली. त्वचारोगांच्या ब्रिटिश नियतकालिकात आलेली. याच शॅम्पूने बरे झालेल्या तीनशेहून अधिक लोकांचे तीन गट करून सहा महिने पाहिलं. नुसता औषध नसलेला शॅम्पू लावणाऱ्यांपैकी 47 टक्क्यांचा त्रास उलटला. एक आठवडा औषध आणि एक आठवडा बिनऔषधी असं करणाऱ्यांत 31 टक्के. दर आठवड्याला औषध लावणाऱ्यांत 19. "हे यीस्ट सगळ्यांच्या डोक्यावर असतं. तुमची कातडी त्याच्यावर चिडते. ते मुळापासून जात नाही, फक्त आटोक्यात ठेवायचं," असं म्हणून त्यांनी चिठ्ठीवर 'आठवड्यातून एकदा' याखाली दोन रेघा मारल्या. चार आठवडे नीट लावूनही फरक नाही पडला, किंवा जाड रुपेरी खपल्या कपाळावर उतरू लागल्या, तर शॅम्पू बदलत बसू नका, दाखवायला या. तो सोरायसिसही असू शकतो.

आता स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर बायकोने दर बुधवारी लाल वर्तुळ काढलंय. शॅम्पू लावला की मुलगी बाहेर मोबाइलवर पाच मिनिटांचा गजर लावते आणि तो वाजेपर्यंत मला पाण्याला हात लावायची परवानगी नाही. मधल्या दिवशी साधा शॅम्पू चालतो. नाकाच्या खाचा मात्र थंडीत आणि हिशेबाच्या मार्चमध्ये अजून लाल होतात. मग काही दिवस क्रीम.

शेजारच्या काकू एकदा साखर मागायला आल्या आणि त्यांनी ती वर्तुळं पाहिली. "बुधवारचं धरलंय का यांनी?" बायको काही बोलली नाही. तेव्हापासून बुधवारी दुपारी त्यांच्याकडून साबुदाण्याची खिचडी येते, दाण्याचं कूट सढळ घातलेली, आणि बायको त्या दिवशी माझी पोळी-भाजी करत नाही. मागच्या आठवड्यात काकू डबा न्यायला आल्या तेव्हा त्यांनी मलाच गाठलं.

"अहो, उद्यापन कधी करताय?"

"डॉक्टर म्हणाल्या, याला उद्यापन नसतं."

काकू बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. "हल्ली डॉक्टरही सांगतात का हे?"