नोव्हेंबरमध्ये ब्रेकअप करू नका

समजा, ती पुण्यात आहे आणि तो चेन्नईत, शोलिंगनल्लूरला, अमेरिकेतल्या क्लायंटच्या कामावर. ऑक्टोबरपर्यंत रोज रात्री नऊला पाऊण तास व्हिडिओ कॉल व्हायचा. नोव्हेंबरात कॉल साडेदहावर गेला, दहा मिनिटांवर आला, आणि तेवढ्यातही तो जेवत असतो. तिच्या मनात पाल चुकचुकते.

आधी घड्याळ बघा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत घड्याळं तासभर मागे जातात, आपली जात नाहीत. न्यूयॉर्कची सकाळी साडेनऊची मीटिंग चेन्नईत सातला असायची, ती आता आठला होते. त्यानंतर कंपनीची बस आणि ओएमआर रस्त्यावरची गर्दी. त्यात चेन्नईचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमधला. डिसेंबर 2023 मध्ये मिचाँग चक्रीवादळात शहराच्या अनेक भागांत वीजही गेली आणि मोबाइलही.

अडखळत चालणारा कॉल तर आणखी फसवा. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात फोनवरचा आवाज मुद्दाम उशिरा पोहोचवला होता. बोलणाऱ्यांनी दोष लाइनला दिला नाही. समोरच्याचंच लक्ष नाही, असं त्यांना वाटलं. पावसात नेटवर्क रखडतं आणि "तू ऐकतच नाहीस" यावर भांडण पेटतं. अशा रात्री व्हिडिओ बंद करून साध्या कॉलवर बोलावं. चेहरा दिसत नाही, पण वाक्यं एकमेकांवर आदळत नाहीत.

म्हणून कॉलची मिनिटं मोजण्यात मला अर्थ वाटत नाही. चुकलेल्या कॉलचं पुढे काय होतं, ते बघावं. "आज नाही जमत, शनिवारी सकाळी बोलू" म्हणणारा माणूस थकलेला असेल, दूर गेलेला नाही. "बघू" म्हणून विषय मिटवणारा, आणि दुसरी वेळ कायम तिलाच सुचवायला लावणारा, त्याची मला काळजी वाटते. तिने मंगळवारी इंटरव्ह्यूबद्दल सांगितलं आणि बुधवारी त्याने आपणहून विचारलं, "काय झालं?", तर जेवता जेवता का होईना, तो ऐकत होता. आठवडाभर विचारलंच नाही, तर पाऊण तासाचा कॉलही रिकामाच.

कारण खरं असेल तर ते संपल्यावर कॉल परतायला हवा. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेची घड्याळं पुन्हा पुढे जातात, मीटिंग सातवर येते, पाऊसही केव्हाच थांबलेला असतो. तरीही नऊ वाजता फोन वाजत नसेल, तर कारण शिफ्टचं नाही.

अर्थात मार्चपर्यंत कुढत बसायची कुणावर सक्ती नाही. एका रविवारी दुपारी, पोटभर जेवण झाल्यावर, सरळ विचारावं: "वेळ नाही, की बोलावंसं वाटत नाही?" दोन्ही उत्तरं ऐकायचा तिला हक्क आहे आणि त्यातलं खरं ते सांगणं त्याचं काम आहे.