रिकाम्या बुधवारचा अर्ज

पैसे घेऊन वाजवण्याची पहिली संधी मागणाऱ्या नव्या बँडच्या पत्रात चार गोष्टी हटकून असतात. बँड कसा जन्मला (कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये), संगीत कोणत्या प्रकारचे आहे (कोणत्याही प्रकारात न बसणारे), प्रभाव कोणाकोणाचे आहेत (पाच नावे, त्यांत एक किशोरी आमोणकरांचे आणि एक पिंक फ्लॉइडचे) आणि शेवटी ‘एक संधी द्यावी’ ही विनंती. हे पत्र ज्याच्या व्हॉट्सअॅपवर जाते तो माणूस त्या वेळी गॅसच्या सिलिंडरवाल्याशी हुज्जत घालत, पनीरच्या बिलावर सही करत उभा असतो. पुण्यातल्या एखाद्या इमारतीच्या गच्चीवर साठ खुर्च्यांचे रेस्टॉरंट-बार चालवणाऱ्या या गृहस्थापुढे त्या क्षणी एकच कला-विषयक प्रश्न असतो: बुधवारी रात्री त्या साठांपैकी शेहेचाळीस खुर्च्यांवर कोण बसणार? प्रस्तुत मार्गदर्शनाचा सगळा भर एवढ्यावरच आहे की, पत्र या शेहेचाळीस खुर्च्यांविषयी लिहावे. बँडविषयी लिहायचे राहून गेले तरी चालेल.

त्यासाठी आधी वार नीट निवडावा. तरुण बँड शनिवार मागतात, कारण शनिवारी गर्दी असते. नेमक्या त्याच कारणासाठी शनिवार मागू नये. शनिवारी त्या साठ खुर्च्या बँड नसतानाही भरतात. म्हणजे तुम्ही आणलेला प्रत्येक माणूस दुसऱ्या कोणाला तरी जिन्यात ताटकळत ठेवून बसणार, आणि मालकाच्या गल्ल्यात तुमच्यामुळे पडलेली भर शून्य. ज्या भरीतून तुमचे पैसे निघायचे ती भरच नसेल तर ते त्याच्या खिशातून जातात, आणि तो ते देत नाही. बुधवारी चौदा माणसे येत असतील तर पंधराव्यापासून पुढचा प्रत्येक जण ही खरी भर. वार ठरल्यावर तारीख कॅलेंडरात दोनदा पाहावी. १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारी हे ड्राय डे. त्या दिवशी बारवाल्याकडे कार्यक्रम मागणे म्हणजे आपण त्याच्या धंद्याचा विचार केलेला नाही हे स्वतःच्या सहीने कळवणे. भारताचा सामना असलेली रात्रही टाळावी, कारण त्या रात्री भिंतीवरचा पडदा बंद करण्याइतका मोठा बँड अजून या शहरात निघायचा आहे.

आता हिशेब. आकडे उदाहरणादाखल धरले आहेत. प्रत्येक बँडने आपापल्या जागेचे मेन्यू कार्ड पाहून ते बदलून घ्यावेत. समजा, तुम्ही वीस माणसे आणली आणि कर सोडून प्रत्येकाचे सरासरी आठशेचे बिल झाले. सोळा हजारांची जादा विक्री. त्यातले चाळीस टक्के, म्हणजे ६,४०० रुपये, माल आणि दारूच्या खरेदीचे गेले असे धरू, राहिले ९,६००. साउंडवाला आणि त्याचे सामान यांचे अडीच हजार वजा केले की ७,१०० उरतात. तुमचे मानधन, मालकाचा त्या रात्रीचा फायदा आणि जादा वेटरची बक्षिसी हे सगळे या रकमेत मावायला हवे. बँडने येथे पाच हजार मागितले तर वीस माणसे आल्यावर मालक हसतमुख राहील. पण दहाच आली तर खर्च वजा जाता त्याच्या हातात २,३०० उरतील, आणि पाच हजार देऊन तो २,७०० रुपयांनी बुडेल. ही भीती त्याला तुमच्या आधी सुचलेली असते. म्हणून रक्कम दोन तुकड्यांत मागावी: तीन हजार पक्के, आणि तुमच्या नावाने आलेल्या बाराव्या माणसापुढे दर माणशी दोनशे. वीस आले तर तुम्हाला ४,६०० मिळतात आणि त्याला अडीच हजार उरतात. तीस आले तर तुमचे ६,६०० आणि त्याचे ५,३००. दहाच आले तर त्याचे सातशेच जातात, आणि सातशेसाठी कोणी बँडशी कायमचे वैर धरत नाही.

या गणितात सगळ्यात ठिसूळ आकडा ‘वीस’ हा आहे, आणि तो बँड मित्रांच्या ग्रुपवर विचारून काढतात. ग्रुपवर ‘नक्की येतो’ म्हणणाऱ्यांपैकी निम्मे धरावेत. ‘बघतो, जमलं तर’ म्हणणारे मोजूच नयेत. नुसता टाळ्यांचा इमोजी टाकणाऱ्याला तो आणखी दोघांना घेऊन येणार असला तरी विसरून जावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोण येणार. कॉलेजमधले वीस मित्र आले तर ते चौघांत एक फ्रेंच फ्राइज आणि दोन लाइम सोडा मागवून दोन तास भक्तिभावाने बसतील. माणशी साडेतीनशे धरले तर विक्री सात हजार, मालाचे पैसे जाऊन ४,२००, साउंडवाला जाऊन १,७००. यातून तीन हजार पक्के कसे निघणार? म्हणून निमंत्रितांच्या यादीत मित्रांबरोबरच पगारदार माणसे असावीत: हिंजवडीत नोकरी करणारी चुलत बहीण आणि तिची टीम, बासवाल्याचा मामा, मामाचे बॅडमिंटनचे भिडू. इंडी संगीताच्या इतिहासात मामाच्या योगदानाची नोंद नाही, पण पहिल्या कार्यक्रमाचे मानधन बहुतांशी त्याच्याच तंदुरी थाळीतून येते. टेबले आदल्या दिवशीच बँडच्या नावाने राखून ठेवायला सांगावे. मंगळवारी संध्याकाळी रजिस्टरमध्ये पाच टेबले लिहिलेली दिसली की मालकाला तुमच्या संगीताचा दर्जा आपोआप पटू लागतो, शिवाय कोणाच्या नावाने किती जण आले यावर नंतर वाद होत नाही.

एवढी तयारी झाली की पत्र फार लांबत नाही. नमुना असा: ‘नमस्कार. तुमच्याकडे बुधवारी गर्दी कमी असते असे दोन-तीनदा येऊन पाहिले. आम्ही चौघे मराठी-हिंदी गाणी वाजवतो. येत्या महिन्यातल्या दुसऱ्या बुधवारी साडेसात ते पावणेदहा, मध्ये वीस मिनिटांची विश्रांती, असे दोन भाग करू शकतो. वीस जणांची टेबले आदल्या दिवशी आमच्या नावाने बुक होतील. तीन हजार पक्के आणि बाराव्या पाहुण्यापुढे माणशी दोनशे अशी अपेक्षा आहे. पाच चॅनल लागतील. सोबत दीड मिनिटाचा व्हिडिओ आहे. मंगळवारी दुपारी चारनंतर येऊन भेटू का?’ व्हिडिओ मोबाइलवर काढलेला, एखाद्या छोट्या जागेतला आणि समोर बसलेली माणसे दिसणारा असावा. स्टुडिओत चकचकीत केलेल्या गाण्यावरून तुम्ही माणसांसमोर कसे वाजवता ते मालकाला कळत नाही. आणि त्याला कळून घ्यायचे असते ते हेच की, तुम्ही वाजवायला लागल्यावर लोक बिल मागवतात की आणखी एक राउंड.

‘पाच चॅनल’ हे दोन शब्द गाळू नयेत. दोन गायकांचे दोन माइक, गिटार आणि बास डीआय बॉक्समधून थेट मिक्सरला, आणि काहोनला एक माइक. म्हणजे आठ चॅनलचा साधा मिक्सर पुरतो आणि साउंडवाल्याचे भाडे अडीच हजारांत राहते. पूर्ण ड्रमसेट आणला की त्याला तीन-चार माइक लागतात, भाडे वाढते, आणि साठ खुर्च्यांच्या जागेत पहिल्या रांगेतल्या मामाला वेटरला हाक मारता येत नाही, म्हणजे मालकाची विक्रीच बुडते. परदेशी बँडचा टेक रायडर उतरवून जोडण्याचा मोह आवरावा. व्हॅन हेलन या बँडने १९८२च्या दौऱ्यात तपकिरी गोळ्या वगळून एमअँडएम द्याव्यात अशी अट घातली होती, ती आयोजकाने करार नीट वाचला आहे की नाही हे तपासायला. तुमच्या आयोजकाने करार वाचला आहे, कारण करार नाहीच. पावणेदहाची वेळही हौसेने लिहिलेली नाही. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही आणि गच्ची उघडीच असते. शेवटचे गाणे दहाला पाच कमी असताना सुरू करणारा बँड शेजारच्या सोसायटीच्या अध्यक्षांचा नंबर मालकाच्या फोनवर चमकवतो. दुसऱ्यांची गाणी वाजवणार असाल तर जागेकडे आयपीआरएसचा परवाना आहे का, हे भेटीत विचारावे. प्रश्न सौम्यपणे विचारावा, पण विचारावा.

यावर पहिला आक्षेप कलेचा: एवढा हिशेब करून गाणे उरते कुठे? गाणे साडेसातला उरते. पत्र म्हणजे गाणे नव्हे, आणि पत्रात जो बँड आपल्या आत्म्याचा शोध मांडतो त्याला तो शोध पुढचे सहा महिने खोलीतच चालू ठेवावा लागतो. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: पहिल्यांदा फुकट वाजवावे, ओळख होईल, पैसे पुढे मिळतील. यात तथ्य नाही असे नाही; ज्याच्याकडे बारा माणसेही येणार नाहीत त्याने ओपन माइकला फुकट जाऊन आधी ती बारा माणसे जमवावीत, वर दिलेले पत्र त्याच्यासाठी नाही. पण ज्याच्याकडे माणसे आहेत त्याने फुकट वाजवले तर मालकाची त्या रात्रीत काहीच गुंतवणूक राहत नाही. तो फलकावर नाव लिहीत नाही, इन्स्टाग्रामवर पोस्ट टाकत नाही, आणि ऐनवेळी कोणाच्या वाढदिवसाची पार्टी आली की तुम्हाला कोपऱ्यात सरकवतो. तीन हजार द्यायचे कबूल केलेला माणूस ते वसूल व्हावेत म्हणून धडपडतो. शिवाय फुकटचा भाव एकदा लागला की तो बदलणे अवघड जाते, कारण मालकाच्या वहीत तुमच्या नावापुढे तोच आकडा असतो आणि पुढच्या वेळी बोलणी तिथूनच सुरू होतात.

आठवडाभर उत्तर आले नाही तर एकदाच आठवण करावी, दुपारी चार ते सहा यांच्या दरम्यान, जेवणाची गर्दी ओसरलेली असते आणि संध्याकाळची सुरू झालेली नसते तेव्हा. ‘बघू, कळवतो’ असे उत्तर आले तर प्रत्यक्ष जाऊन एक कॉफी घ्यावी, बिल भरावे आणि तारीख विचारावी. ‘तीन नाही, पंचवीसशे करा’ असे उत्तर आले तर वाटाघाट सुरू झाली असे समजून आनंद आवरावा, आणि पंचवीसशे अधिक चौघांचे जेवण असा प्रस्ताव ठेवावा: मेन्यूवर बाराशेचे जेवण मालकाला मालाच्या किमतीत पाचशेच्या आसपास पडते, त्यामुळे तो पटकन हो म्हणतो आणि तुम्हाला मूळ रकमेहून जास्त मिळते. मात्र जेवण म्हणजे काय ते आधीच ठरवून घ्यावे, स्टार्टर धरून की सोडून, आणि काहोनवाला दोघांचे जेवतो हे मालकापासून लपवू नये.