दहा टिंबं

सोसायटीच्या सचिवाला दोन भाषा याव्या लागतात. नोटीस मराठीत काढायची आणि बँकेत इंग्रजीत शिरायचं. आमचे सचिव नाना दोन्हींत तरबेज आहेत, फक्त एकीतून दुसरीत जाताना कॉम्प्युटरला कळवायचं राहून जातं. विंडोज ७ पर्यंत प्रत्येक खिडकीची भाषा वेगळी असायची, त्यामुळे नोटिशीतलं मराठी नोटिशीतच राहायचं. विंडोज ८ पासून सगळ्या घराला एकच भाषा झाली. सेटिंगमध्ये जाऊन ते बदलता येतं, पण सेटिंगमध्ये जाणारा माणूस सोसायटीचा सचिव कशाला होईल?

तर नानांनी पाणीकपातीची नोटीस इन्स्क्रिप्टमध्ये टाइप केली आणि तसेच बँकेच्या पानावर गेले. युजरनेम आणि पासवर्ड ब्राउझरने आधीच भरून ठेवले होते; नानांनी पासवर्ड पुसून हाताने मारायचं ठरवलं, युजरनेम मात्र तसंच ठेवलं. इथेच घात झाला. ते स्वतः टाइप करावं लागलं असतं, तर पहिल्याच अक्षराला देवनागरी दिसली असती. पासवर्डच्या चौकटीत मात्र सगळेच काळे ठिपके. नानांचा पासवर्ड तेव्हा `Tanki@2019` होता. (आता नाही, म्हणून सांगतो.) इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून T दाबलं की ऊ येतो, a ला ओकाराची मात्रा, n ला ल, k ला क, i ला ग आणि @ च्या जागी ॲपलवरचा अर्धचंद्र. आकडे नाना उजवीकडच्या नंबर पॅडवरून मारतात, म्हणून तेवढे शाबूत राहिले. बँकेला पोचलं ते `ऊोलकगॅ2019`. एका कळीला एक टिंब, एकूण टिंबं दहा. नानांनी बोट ठेवून मोजली.

"दहा आहेत. बरोबर आहे," असं म्हणून त्यांनी एंटर मारलं. पासवर्ड चुकीचा.

खजिनदार काकू म्हणाल्या, "नाना, कॅप्स लॉक बघा." सल्ला अगदी शास्त्रशुद्ध होता. पासवर्ड टाइप करताना होणाऱ्या चुकांवर २०१६ साली एक शोधनिबंध निघाला, त्यात कॅप्स लॉकचा मान मोठा आहे. निबंधाचं शीर्षकच `pASSWORD tYPOS` असं सुरू होतं. संशोधकांनाही विनोदबुद्धी असते याचा एवढा लेखी पुरावा माझ्याकडे आहे. कॅप्स लॉक चालू असला की शिफ्ट धरून मारलेलं अक्षर उलट लहान होतं आणि आकडे नि @ जिथल्या तिथे राहतात. म्हणजे पासवर्ड अर्धा बरोबर असतो.

पण अर्ध्या बरोबरला बँक अर्धे मार्क देत नाही. नीट बांधलेल्या पानामागे मूळ पासवर्ड साठवलेलाच नसतो, त्याचा गणिताने केलेला एक भुगा असतो, त्याला हॅश म्हणतात. एक अक्षर बदललं की सगळा भुगा बदलतो. त्यामुळे "नाना, जवळ आलात, जरा भाषा बघा" असं त्या पानाला सांगताच येत नाही.

नानांनी कॅप्स लॉक दाबला, परत दाबला आणि तोच पासवर्ड जोर लावून दोनदा मारला. जोर लावला की कळ इंग्रजी होते, अशी त्यांची समजूत असावी. तिसऱ्या चुकीला खातं कुलूपबंद झालं.

मला वर बोलावणं आलं तेव्हा ओटीपी येऊन नवा पासवर्ड ठरवायची वेळ आली होती. हा क्षण सगळ्यात धोक्याचा. नवा पासवर्ड दोनदा मागतात, पण दोन्ही चौकटींत मराठीच उमटली तर दोन्ही चुका एकमेकींशी तंतोतंत जुळतात. मी पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात बोट दाखवलं. तिथे ENG नव्हतं. विंडोजची कळ धरून स्पेसबार दाबल्यावर ते आलं. मग नोटपॅड उघडून नानांकडून नुसतं Tanki टाइप करून घेतलं. टाकी इंग्रजीतच उमटली.

"आता काही तरी वेगळा ठेवा," मी म्हटलं.

"वेगळा कशाला? हाच लक्षात आहे," म्हणत नानांनी जुनाच पासवर्ड दोन्ही चौकटींत भरला. पान म्हणालं, नवा पासवर्ड आधीच्या पासवर्डसारखा नसावा.

नाना खुर्चीतून उठलेच. "म्हणजे बरोबर होता! मघापासून मी काय सांगतोय!" आता भुग्याला भुगा जुळला होता, एवढंच. पण त्या घडीला हॅश समजावण्याची माझी छाती नव्हती.

शेवटी `Tanki@2020` ठरला. ब्राउझरने विचारलं, साठवलेला पासवर्ड बदलू का? मघाच्या अनुभवाने सावध झालेल्या नानांनी ठामपणे 'नको' दाबलं.

पुढच्या महिन्यात बँकेचं पान उघडलं. ब्राउझरने स्वतःहून युजरनेम भरलं, खाली जुना पासवर्डही भरला. मी शेजारीच उभा होतो. म्हटलं, "नाना, ते पुसा आणि हाताने टाइप करा."

नाना टिंबं मोजत होते. "अहो, पुसायचं कशाला? दहा तर आहेत."