चार पानी पत्र आणि वीस किलो कांदा

"अक्का, आमच्या धाकट्यानं ह्यांना पत्र लिहिलंय पुण्याहून. चार पानी!"

शेराच्या कुंपणापलीकडून मंदा एवढी हळू बोलली की मला हातातली वेळणी खाली ठेवून जवळ जावं लागलं.

"पत्र? अगं, मोबाइल आहे की दोघांकडे."

"फोनवर तिसऱ्या वाक्याला जुंपते बापलेकांची. कागदाला काय, उलट बोलता येत नाही. ह्यांनी दोनदा वाचलं अन् टोपीत घालून ठेवलं. आंघोळीला गेले तसं मी काढून घेतलं."

आता टोपीतलं पत्र बायकोनं काढावं की नाही, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. पण कुंपणापर्यंत आलेलं पत्र न ऐकण्याइतकी मी साधू नाही. म्हटलं, वाच.

पोराचं म्हणणं असं: बाबा, दरवर्षी उन्हाळ कांदा लासलगावला नेता, ट्रॉलीवर चढून व्यापारी चार मुठी उचकतो अन् बोली लावतो. तोच कांदा इथं आमच्या सोसायटीत माणसं तिप्पट भावानं घेतात. पावसाळ्याआधी घरात वीस-वीस किलो भरून ठेवायची पद्धत इथं अजून आहे. पंचाहत्तर घरं तयार आहेत, पंचवीस रुपये किलोनं. 2016 पासून भाजीपाला नियमनमुक्त आहे, त्यामुळे बाजार समितीबाहेर विकायला आडकाठी नाही. पुढं आकडेमोड. पंचाहत्तर घरांचे पंधरा क्विंटल, म्हणजे बरोबर एक पिकअप. साडेसदतीस हजार रुपये.

"अक्का, साडेसदतीस! आणि लासलगावला बाराशेचा भाव धरला तर पंधरा क्विंटलचे अठराच हजार."

"मंदे, थांब. खर्च लिहिलाय का त्यानं?"

लिहिला होता, पोरगं शिकलेलं आहे. पिकअपचं भाडं सहा हजार, दहा किलोच्या जाळीदार पिशव्या दीडशे, त्यांचे दीड हजार, निवडणाऱ्या बायकांची मजुरी दोन हजार. वजा जाता अठ्ठावीस हजार. लासलगावच्या अठरातूनही ट्रॅक्टर, हमाली, तोलाई मिळून दीड हजार जातात, राहतात साडेसोळा. म्हणजे पोराच्या हिशेबानं साडेअकरा हजारांचा फायदा. कागदावर चोख.

पण आठवडे बाजारात पाल टाकून बसणाऱ्या बाईला एक गोष्ट पक्की माहीत असते. गिऱ्हाईक निवडून नेतं, आणि उरलेल्या ढिगाचं तोंड उतरतं. मी मंदाला विचारलं, तुमच्या एकराला शंभर क्विंटल निघतात ना? त्यातले पंधरा पुण्याला गेले, पंचाऐंशी लासलगावलाच जाणार. अन् ते पंधरा कुठले? सगळ्यांत उजवे. मग त्या ट्रॉलीत गोल्टी, जोड अन् डेंगळे जास्त दिसणार. व्यापारी आंधळा नाही, क्विंटलमागं शंभर रुपये कमी बोलेल. पंचाऐंशी क्विंटलचे साडेआठ हजार तिथंच गेले.

मंदानं बोटांवर मोजलं. "साडेअकरातून साडेआठ... तीनच राहिले की हो."

"तीन हजारांसाठी रविवारभर सोसायटीच्या फाटकात ताटकळायचं."

"मग नकोच म्हणू का ह्यांना?"

"नको म्हणू नकोस. निवडायचं काय ते बदल." शहरातल्या बाईला साठवायला मोठ्ठा कांदा लागतच नाही. मध्यम हवा, साधारण लिंबापेक्षा मोठा अन् मुठीत मावणारा, बारीक मानेचा, वरचं टरफल घट्ट. मोठा राहू दे ट्रॉलीत, ढिगाला शोभा तोच देतो. गोल्टी अन् जोड वेगळे काढून वेगळे विकायचे, ढिगात लपवायचे नाहीत. असं केलं तर भाव फारसा पडत नाही अन् तीनाचे आठ तरी व्हावेत.

तिसऱ्या पानावर खरी मेख होती. तिथंच मंदाचा आवाज बसला, कारण तिथूनच घरात धुसफूस सुरू झाली होती. पोरानं बापाला कांदा कसा पिकवायचा ते लिहिलं होतं! लावणीला दोन महिने झाले की युरिया बंद. काढणीच्या पंधरा दिवस आधी पाणी तोडायचं. निम्मी पात पडली की काढायचा, काढल्यावर पातीनं झाकून तीन-चार दिवस शेतात सुकवायचा, दोन बोटं मान ठेवून कापायचा अन् मग सावलीत दहा-बारा दिवस.

"हे म्हणाले, मला शिकवतो? मी कांदा लावत होतो तेव्हा हा रांगत होता!"

मला हसू आवरेना. कारण हे सगळं भाऊजींना पोराच्या आधीपासून ठाऊक आहे. घरी खायला अन् लेकीकडे पाठवायला जो कांदा ठेवतात, त्या वाफ्याचं पाणी ते वेळेवरच तोडतात. बाकीच्या शेताला मात्र शेवटपर्यंत पाणी. का? पाण्यानं वजन भरतं, अन् लिलावात तोलतात ते वजन. तिथं तो कांदा आषाढात सडला काय अन् नाही काय, विचारायला कुणी परत येत नाही. पुण्यातली बाई मात्र येईल. जाड मानेचा कांदा वरून झकास दिसतो, पण मान नीट सुकत नाही, तिथूनच सड आत शिरते. पहिल्या पावसात पिशवीला वास सुटला की त्या पंचाहत्तर घरांत पोराची अब्रू जाते, बापाची नव्हे. पत्रात हे नव्हतं, पण त्या पानाचा रोख तोच असावा.

"काही वाफे वेगळे काढायला सांग भाऊजींना," मी म्हटलं. "घरच्या कांद्याशेजारचे. पोराचं ऐकलं असंही होत नाही, अन् कांदा तर टिकाऊ मिळतो. सुकवणीत क्विंटलमागं काही किलो घट येईल, ती पंचवीसच्या भावात धरलीय का तेवढं विचार."

"आणि पंचाहत्तर घरांचं?"

"तोंडानं पंचाहत्तर म्हणाली म्हणजे घेणार पन्नास. कुणी गावाला जाईल, कुणाची सासू म्हणेल एवढा कशाला. मग पुण्यात उरलेला कांदा घेऊन पोरगं कुठं हिंडणार? अर्धे पैसे आधी घ्यायला लिही. ज्यांनी भरले तेवढीच घरं मोजायची."

"पन्नास घरं म्हणजे दहाच क्विंटल. पिकअपचं भाडं मात्र तेच सहा हजार!"

आता मंदा हिशेबाला लागली होती. किलोला चार रुपये पडणारं भाडं सहावर गेलं, हे तिनंच सांगितलं. तेवढ्यात आतून भाऊजींची हाक आली, टोपी कुठाय म्हणून. मंदा कागद कमरेला खोचून पळाली, अन् चार पावलांवरून परत वळली.

"अक्का, तुमचा कांदा कधी निघतोय?"

"अक्षय्य तृतीयेच्या पुढं-मागं. का गं?"

"पाच क्विंटलची जागा उरतेय गाडीत."

"पाठवते. पण भाड्याचे दोन हजार माझे, अन् माझ्या पिशव्यांना लाल सुतळी. तुमच्यात मिसळायच्या नाहीत. आणि पोराला लिही, माझ्या पंचवीस घरांची आगाऊ रक्कम वेगळी धरायची."