कुलपाचा काय दोष?

लोखंडी कपाट उघडता येणं ही विद्या घरात एकाच माणसाकडे असते. आमच्याकडे ती सासूबाईंकडे होती. डाव्या हाताने मूठ धरायची, उजव्या पायाचा अंगठा दाराच्या खालच्या कडेत सरकवून दार उचलायचं, गुडघ्याने मध्यावर दाबायचं आणि त्याच क्षणी किल्ली फिरवायची. गुडघा आधी आणि अंगठा मागाहून, असं झालं की संपलं. त्या नाशिकला नणंदेकडे गेल्या की माझी पैठणी, घराची कागदपत्रं आणि नवऱ्याचा पासपोर्ट त्या परत येईपर्यंत नजरकैदेत. एकदा त्यांनी चालत्या बसमधून मला फोनवरून कपाट उघडायला शिकवलं. "अगं, अंगठा घातलास का? पूर्ण घाल! आता उचल!" हे त्या ज्या आवाजात सांगत होत्या, त्यावरून आसपासच्या प्रवाशांनी काय समजूत करून घेतली असेल, याचा विचार मी टाळते.

पण दिवाळीआधी रंगकाम निघालं आणि ही विद्याही निकामी झाली. रंगाऱ्यांनी भरलेलं कपाट ढकलत एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीशी नेलं. "काही होत नाही ताई," असं ते म्हणाले. मधे दार आपोआप उघडलं, चौकटीवर धाडकन आपटलं, तेव्हाही ते हेच म्हणाले. रंग सुंदर झाला. कपाट मात्र लागेना. उजवं दार डाव्यापेक्षा खाली आलेलं, मूठ अर्ध्यावर अडायची आणि किल्ली तर जागची हलायला तयार नव्हती.

आता किल्ली फिरत नाही म्हटल्यावर आरोपी कोण? सगळ्यांनी एकमताने कुलपाला धरलं. नवऱ्याने कुलपात खोबरेल तेल सोडलं. थंडीत आमच्या पुण्यात खोबरेल बाटलीत गोठतं, तसं ते कुलपातही गोठलं आणि धुळीसकट घट्ट बसलं. शेजारचे काका पक्कड घेऊन आले. किल्ली पक्कडीत धरून फिरवणं म्हणजे किल्लीचं डोकं बाहेर आणि दात कुलपात ठेवण्याची खात्रीशीर पद्धत. सासूबाईंनी वेळीच "चहा घ्या भाऊजी" म्हणून त्यांच्या हातात पक्कडीऐवजी कपबशी दिली, म्हणून वाचलो. मग किल्लीवाला आला. त्याने जुन्या किल्लीवरून नवी घासून दिली. तीस वर्षं झिजलेल्या किल्लीची हुबेहूब नक्कल म्हणजे तीस वर्षं झिजलेली नवी किल्ली. ती फिरली नाही, तेव्हा तो म्हणाला, "लॉकच बदला." त्याच्या धंद्याच्या दृष्टीने निदान अगदी बरोबर होतं.

शेवटी कपाटं बनवणाऱ्या एका वर्कशॉपमधले वयस्क मिस्त्री आले. आम्ही सगळे कुलपाकडे बोट दाखवत होतो आणि ते कुलपाकडे बघेचनात. ते चार पावलं मागे जाऊन उभे राहिले, मान तिरकी करून दोन दारांमधली फट बघत राहिले. मग विचारलं, "कपाट हलवलं का?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. रंगकाम काढायची कल्पना माझी होती, हे त्या विसरल्या नव्हत्या.

मिस्त्रींनी दार उघडं ठेवलं आणि मूठ फिरवली. दाराच्या वरून आणि खालून एकेक सळई बाहेर आली. मग त्यांनी किल्ली फिरवली. ती फिरली! उघड्या दारात, हवेत, जरा कुरकुरत पण पूर्ण फिरली. "कुलूप निर्दोष आहे आजी," मिस्त्री म्हणाले. पुढे जे त्यांनी समजावलं ते ऐकल्यावर मला त्या कुलपाची कीव आली. दार धरून ठेवण्याचं काम कुलूप करतच नाही. ते काम त्या दोन सळयांचं. मुठीच्या मागे एक लोखंडी चकती असते, मूठ फिरली की ती फिरते आणि एक सळई वरच्या चौकटीतल्या भोकात, दुसरी खालच्या भोकात ढकलते. सळया पूर्ण आत गेल्या की चकतीची खाच नेमकी कुलपासमोर येते आणि कुलपाची जीभ त्या खाचेत शिरते. कुलूप फक्त मूठ अडवून ठेवतं. सळई भोकावर अडली, तर चकती अर्ध्यावर थांबते, खाच समोर येत नाही, जिभेला जायला जागा नाही, म्हणून किल्ली फिरत नाही. साखळीतला शेवटचा गडी, आणि मार पहिला त्याला.

(ही परीक्षा करून झाल्यावर किल्ली आणि मग मूठ उलटी फिरवून सळया आत घ्यायच्या, हे महत्त्वाचं. आमच्या चिरंजीवांनी तसंच दार ढकललं आणि नव्या रंगावर वर एक, खाली एक अशा दोन खुणा उमटल्या.)

मग आलं निदान. मी आजवर वाकडं दार म्हणजे वाकडं दार, इतकंच समजत होते. मिस्त्रींच्या मते ते दोन तऱ्हेचं असतं. दोन दारांमधली फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे, पण एक दार वर आणि एक खाली, अशी पायरी दिसते, तर दोष फरशीचा. फट वर अरुंद आणि खाली रुंद, किंवा उलट, अशी पाचरीसारखी दिसते, तर दोष बिजागरीचा. याचं कारणही सरळ आहे. कपाटाचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा. तीन पाय टेकले आणि पुढचा एक अधांतरी राहिला की आतल्या साड्यांच्या आणि कागदांच्या वजनाने तो कोपरा खाली बसतो आणि पुढची चौकट आयताची समांतरभुज होते. चौकटीबरोबर दोन्ही दारं सारखीच कलतात, म्हणून फट सारखी राहते, पण पायरी पडते. बिजागरी वाकली तर एकटंच दार कलतं, म्हणून पाचर होते.

आमच्याकडे दोन्ही होतं. आमचं घर कुठलीही गोष्ट अर्धवट करत नाही.

शंका नको म्हणून मिस्त्रींनी सुतळी घेतली. दारं उघडून चौकटीच्या एका वरच्या कोपऱ्यापासून समोरच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत ताणली, गाठ मारली, मग दुसऱ्या तिरक्या रेषेवर धरली. गाठ कोपऱ्यापर्यंत पोचली नाही. दोन्ही तिरक्या रेषा सारख्या नसतील तर चौकट काटकोनात नाही, मग बाकी काही करू नये. पायरीचा नियमही सोपा: जे दार खाली दिसतं, त्या बाजूचा पुढचा पाय उचलायचा. म्हणजे उजवा. त्या पायाखाली वाकून पाहिलं तर रंगाऱ्यांनी तिथे घडी करून काहीतरी घातलेलं होतं. ओढून काढलं, तर मामेभावाच्या मुलाची लग्नपत्रिका. सासूबाई गहिवरल्या, पण मिस्त्रींनी पत्रिकेला पायाखाली परत जायची परवानगी दिली नाही. पुठ्ठा दबतो, ओल धरतो आणि पुन्हा दबतो. त्यांनी पहारीच्या टोकाशी लाकडी ठोकळा ठेवून पाय किंचित उचलला आणि खाली लोखंडी पट्टीचे दोन तुकडे सरकवले, मिळून चारेक मिलिमीटर. दारं बंद केली. पायरी नाहीशी! दाराची खालची कड चौकटीला घासत होती तेही थांबलं. सासूबाई इतकी वर्षं पायाच्या अंगठ्याने जे करत होत्या, ते आता पट्टी करत होती.

पण वर पाचर राहिली आणि मूठ अजून पूर्ण फिरेना. "कुंकू आहे का?" मिस्त्रींनी विचारलं. मला वाटलं, आता कपाटाची पूजा. त्यांनी कुंकवात तेलाचा थेंब घातला, दोन्ही सळयांच्या टोकांना टिळा लावला, दार लावून मूठ जमेल तितकी फिरवली आणि उघडलं. वरच्या चौकटीवर लाल ठिपका उमटला होता, भोकाच्या डावीकडे तीनेक मिलिमीटर. खालचा ठिपका भोकातच. म्हणजे दाराचा वरचा भाग तेवढा डावीकडे सरकलेला, म्हणजे वरची बिजागरी उघडलेली. चौकटीवर धाडकन आपटल्याचा हिशोब असा लाल शाईत मिळाला.

इथे नवऱ्याने कानस उचलली. भोकच डावीकडे मोठं करावं, हा त्याचा विचार वरकरणी वाईट नव्हता. मिस्त्रींनी ती हळूच काढून घेतली. बिजागरी सरळ करायच्या आधी भोक वाढवलं, तर बिजागरी सरळ झाल्यावर भोक चुकीच्या जागी असतं. वर भोक सैल झालं की दार वाऱ्यानेही खडखडतं.

त्यांनी दार अर्धं उघडलं, मोकळ्या कडेखाली लाकडी पाचर घालून त्याचं वजन पेललं आणि वरच्या बिजागरीची वाकलेली बाजू पान्यात धरून आत दाबली. हवं त्यापेक्षा किंचित जास्तच, कारण सोडल्यावर लोखंड थोडं मागे येतं. मग दार लावून फट बघितली, पुन्हा पाना, पुन्हा फट. हातोडा नाही. हातोड्याने रंग उडतो आणि बिजागरीचं वेल्डिंग तडकतं, मग पान्याने काही होत नाही, वेल्डरच लागतो. शेवटी ठिपका भोकाच्या काठावर आला, तेव्हा मात्र त्यांनी स्वतःच गोल कानशीने अर्धा मिलिमीटर घासलं. खालची सळईही कोणाच्या तरी जोराने धनुष्यासारखी वाकली होती. वाकलेली सळई टोकाकडे आखूड पडते. ती काढून उंबऱ्यावर ठेवून सरळ केली. जोर कोणाचा, हे कोणी विचारलं नाही. नवरा तेवढ्यात पाणी आणायला आत गेला होता.

कुलपातलं खोबरेल मिस्त्रींनी रॉकेलने धुतलं आणि शिसपेन्सिलीचं शिसं खरवडून त्याची पूड किल्लीला चोळली. तेल धूळ धरतं, शिसं धरत नाही. मग दार लावलं, मूठ फिरवली, किल्ली घातली. दोन बोटांनी फिरली.

तेव्हा तुमच्याकडे असं झालं, तर कृपा करून क्रम पाळा: आधी पाय, मग बिजागरी, मग सळया, आणि कुलूप सर्वांत शेवटी. दार उघडं ठेवून आधी मूठ पूर्ण फिरवा, मग किल्ली फिरवून बघा. तेव्हाही अडली, तरच किल्लीवाल्याला फोन करा. आणि रंगारी कपाटाला हात लावतील तेव्हा आधी ते रिकामं करा, दारं सुतळीने बांधा आणि "काही होत नाही ताई" या वाक्यावर विश्वास ठेवू नका.